अनसीन कवितेच्या २२ मुद्द्यांच्या यादीबद्दल: एका पालकांच्या अभिप्रायाला उत्तर

“मुलगी आयजीसीएसई लिटरेचरच्या अनसीन पेपरसाठी या क्लासला जाते. कवितेवर खुणा कशा करायच्या याची २२ मुद्द्यांची यादी दिली होती. मॉकमध्ये तिने ती इमानदारीने पाळली, अख्खी कविता चार रंगांत रंगवली, ३५ मिनिटं त्यातच गेली आणि उत्तर अर्धवट राहिलं. २५ पैकी ११. वेळेत बसत नसेल तर अशी यादी देता कशाला? त्यापेक्षा यादी नसती तर बरं झालं असतं.”

नमस्कार. तुमचं लिहिणं वाचून मी त्या मॉकची सगळ्या मुलांची पानं पुन्हा काढून बसले. चूक आमची आहे. ती यादी घरी, खुणा करून झाल्यावर, आपलं पान तपासण्यासाठी केलेली होती. वाटताना आम्ही ते सांगितलं नाही. उजळणीची यादी हातात पडली की मूल ती परीक्षेतही डोक्यात घेऊन बसणार आणि एकेक मुद्दा कवितेत शोधत जाणार, हे मला आधी कळायला हवं होतं.

तसं शोधत गेलं की काय होतं, ते पानांवर स्पष्ट दिसतं. मुलं कविता वाचतच नाहीत, ती उपमा शोधतात. उपमा सापडली की अनुप्रास, मग यमक, मग ‘पाच इंद्रियं’. अनसीनचा हा पेपर ४, त्याला ७५ मिनिटं असतात. एक कविता आणि एक गद्य उतारा, यांपैकी एकच प्रश्न सोडवायचा, आणि वाचन व आखणीला साधारण २० मिनिटं द्यावीत असं प्रश्नपत्रिकाच सुचवते. त्या २० मिनिटांत २२ मुद्दे म्हणजे एकाला एक मिनिटही येत नाही. कविता समजून घ्यायला तर काहीच उरत नाही.

मॉकची कविता आमच्याच शिक्षिकेने लिहिलेली होती, म्हणून तिच्याबद्दल इथे मोकळेपणाने लिहिते. १२ ओळी, तीन कडवी. पहिल्या कडव्यात आजोबा नातवाला सायकलवर पुढे बसवून शाळेत नेतात. सगळं भूतकाळात, आणि वाक्यं एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहत जातात. दुसऱ्या कडव्यात तीच सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. टायर बसलेला, हँडल ‘कोल्ड ॲज अ कॉइन’, आणि प्रत्येक ओळ पूर्णविरामाने संपते. तिसरं कडवं ‘बट’ने सुरू होतं, तिथून वर्तमानकाळ. मुलगा साखळीला तेल घालतो, पेडल हाताने फिरवतो. शेवटच्या दोन ओळी अशा: ‘आय ॲम स्टिल’, आणि त्याखाली ‘टू स्मॉल फॉर इट’. आजोबा आता नाहीत, हे कवितेत कुठेही सांगितलेलं नाही. प्रश्न होता: सायकलबद्दल मुलाला काय वाटतं, हे कवी जिवंतपणे कसं पोचवतो?

मॉकला बसलेल्या नऊ मुलांपैकी सहा जणांच्या पानांवर ‘कोल्ड ॲज अ कॉइन’ला ठळक रंग होता आणि समासात एकच शब्द, ‘सिमिली’. त्याच सहा पानांवर शेवटच्या दोन ओळी कोऱ्या होत्या, कारण यादीतली एकही गोष्ट त्यांत चटकन दिसत नव्हती. अख्ख्या कवितेचा गाभा मात्र तिथेच आहे. ‘आय ॲम स्टिल’वर ओळ तुटते तेव्हा क्षणभर वाटतं, मुलगा निश्चल उभा आहे, दुःखाने थिजलाय. पुढची ओळ वाचली की ‘स्टिल’चा अर्थ ‘अजूनही’ होतो: मी अजून या सायकलसाठी लहानच आहे. थिजलेपण आणि लहानपण एकाच शब्दात बसवलंय, आणि ते केलंय ओळ कुठे तोडली त्यावर. हे दिसायला दहा अलंकार माहीत असावे लागत नाहीत. शेवटच्या ओळीशी दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि आमच्या यादीने नेमकी तीच दोन मिनिटं खाल्ली.

आता आम्ही मुलांना परीक्षेत यादी न आठवता फक्त एक क्रम पाळायला सांगतो. आधी पाचएक मिनिटांत दोन्ही प्रश्न आणि मजकूर चाळून कविता घ्यायची की गद्य ते ठरवायचं, आणि ठरलं की मागे फिरायचं नाही. कविता घेतली तर प्रश्नात ज्या भावनेबद्दल किंवा ज्या गोष्टीबद्दल विचारलंय, तिच्याखाली एक रेघ. प्रश्नाखालचे छोटे मुद्दे मदतीला दिलेले असतात, त्यांची उत्तरं एकामागून एक लिहायची नसतात.

मग पेन्सिल खाली ठेवून संपूर्ण कविता एकदा, सावकाश. वाचून झालं की वरच्या समासात एक वाक्य लिहायचं: बोलतंय कोण, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय बदलतं. आपल्या कवितेसाठी ते वाक्य असं: ‘नातू बोलतोय, आधी आजोबांबरोबरचा आनंद, मग रिकामेपण, शेवटी सायकल जपायचा प्रयत्न, पण तिच्यापुढे आपण अपुरे.’ बदल कुठे होतो ते या वाक्यात आलंच पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या खुणा त्याच्याच आधाराने करायच्या असतात. हे वाक्य लिहिता येत नसेल तर खुणा सुरू करायच्या नाहीत, कविता पुन्हा वाचायची. मला विचाराल तर सगळ्या क्रमात हाच टप्पा सर्वांत मोलाचा, आणि मुलं सर्वांत आधी हाच गाळतात.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यायची. नियम एकच: समासात काही लिहिता येणार नसेल तर शब्दाखाली रेघ ओढायची नाही. आणि जे लिहायचं ते परिणामाबद्दल, अलंकाराच्या नावाबद्दल नव्हे. ‘कोल्ड ॲज अ कॉइन’पुढे ‘सिमिली’ लिहिलं तर उत्तर लिहिताना त्यातून एक वाक्यही निघत नाही. ‘ऊब गेली, आता नुसती वस्तू’ असं लिहिलं की अर्धा परिच्छेद तयार होतो. नाण्याला किंमत असते पण माया नसते, एवढं ज्या मुलाच्या मनात आलं, त्याला ‘सिमिली’ हा शब्द वाक्य लिहिताना आपसूक सुचतो. आठ-दहा खुणांपेक्षा जास्त नकोत. ५० मिनिटांच्या उत्तरात त्यापेक्षा जास्त जागा नीट उलगडून होत नाहीत.

तिसऱ्या फेरीत शब्द सोडून कवितेची घडण बघायची. काळ कुठे बदलला, ‘बट’सारखं वळण कुठे आहे, वाक्यं कुठे वाहतात आणि कुठे तुटतात, शेवटची ओळ कशी संपते. इथे कडव्यांच्या कडेला ए-बी-ए-बी लिहीत बसण्यात मुलांची तीन-चार मिनिटं जातात. यमक त्या कवितेत काही करत असेल, समजा नेमक्या एका ठिकाणी मोडत असेल, तर त्या ओळीपुढे खूण करायची. नाहीतर सोडून द्यायचं.

उरलेल्या तीन-चार मिनिटांत निवड करायची. चार-पाच खुणांना क्रमांक द्यायचे, बाकीच्या तशाच राहू द्यायच्या. क्रमांक कवितेच्या हालचालीप्रमाणे. आमच्या कवितेत १ म्हणजे पहिल्या कडव्यातली वाहती वाक्यं, २ म्हणजे दुसऱ्या कडव्यातले पूर्णविराम, ३ नाणं, ४ ‘बट’ आणि वर्तमानकाळ, ५ ‘स्टिल’. पहिल्या दोन खुणा एकत्र आणल्या की परिच्छेद आपोआप उभा राहतो: आजोबा होते तेव्हा वाक्यं सायकलसारखी पुढे जात होती, ते गेल्यावर प्रत्येक ओळ जागच्या जागी थांबते. परीक्षक उत्तर तपासतो, कवितेवरच्या खुणांना गुण नाहीत. त्यामुळे उत्तरात न आलेली खूण, मग ती कितीही सुंदर रंगवलेली असो, वाया गेलेला वेळच आहे. रंगीत हायलायटर आम्ही परीक्षेच्या सरावातून पूर्ण काढून टाकले आहेत. रंग बदलताना हात थांबतो आणि विचारही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. यादी नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटत नाही, कारण आपल्या पानात काय कमी आहे ते मुलाला एकट्याने कळणं अवघड असतं. यादी हवी, पण ती वेळ संपल्यानंतर हातात घ्यायची. म्हणून जुन्या २२ मुद्द्यांच्या जागी आता चारच प्रश्न आहेत. शेवटच्या दोन ओळींवर खूण आहे का? जिथे रेघ आहे तिथे समासात परिणाम लिहिलाय का, की नुसतं अलंकाराचं नाव? घडणीबद्दल निदान एक खूण आहे का? आणि कविता झाकून फक्त समास वाचला तर प्रश्नाचं उत्तर कळतं का? चौथा प्रश्न घरी तुम्हीही विचारू शकता, त्यासाठी इंग्रजी साहित्य शिकलेलं असायची गरज नाही. लेकीला नुसता समास वाचून दाखवायला सांगा. ‘सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन’ एवढंच ऐकू आलं तर कविता अजून वाचायची राहिली आहे. ‘आधी ऊब, मग गारठा, मग तो जपायला जातो पण पुरा पडत नाही’ असं ऐकू आलं तर ती उत्तर लिहायला तयार आहे.

या क्रमाने सगळ्याच कविता वीस मिनिटांत उलगडतात असं मी म्हणणार नाही. काही कवितांचा अर्थ दुसऱ्या वाचनानंतरही धूसर राहतो. तेव्हा मुलांनी अर्थ ओढूनताणून लावू नये. वरच्या वाक्यात ‘बहुधा’ लिहावं, उत्तरातही ‘असंही वाचता येतं’ म्हणावं आणि कवितेतल्या शब्दाचा आधार द्यावा. दोन शक्यता नीट मांडल्या तर त्या उत्तराची ताकद ठरतात. या पेपरमध्ये स्वतःच्या प्रतिसादालाही गुण आहेत.

मॉकआधीच्या ज्या दोन तासिकांत ती यादी शिकवली, त्यांची फी सगळ्याच मुलांना परत करत आहोत. येत्या शनिवारी सकाळी १० वाजता जुनी पानं घेऊन बसणार आहोत. तुमच्या मुलीने मॉकचं तेच रंगवलेलं पान आणावं, दुसरी प्रत नको. त्यावरच पेन्सिलने पाच क्रमांक घालू आणि उरलेलं उत्तर ५० मिनिटांत पुन्हा लिहून घेऊ. तुम्हाला वर्गात बसून बघायचं असेल तर जरूर या.