दीड टनाला तीन केव्हीए? काऊन बाप्पा?

एसीचा स्टॅबिलायझर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "एसी किती टनाचा?" दीड टन म्हटलं की संपलं, तीन केव्हीएचा डबा गळ्यात. गावात रात्री व्होल्टेज किती राहते, हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात येत नाही! अरे, स्टॅबिलायझर टनावर नाही, अँपिअरवर आणि तुमच्या डीपीवरच्या सगळ्यात कमी व्होल्टेजवर ठरतो.

हिशोब करून दाखवतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनाच्या एसीच्या प्लेटवर समजा ८ अँपिअर लिहिलंय. डीपीवर मोटारी सुरू झाल्या की घरात १५० व्होल्ट उरतात. स्टॅबिलायझर ते ओढूनताणून २२० करतो, पण वीज फुकट तयार होत नाही. बाहेर ८ अँपिअर द्यायचे तर आत २२० भागिले १५० गुणिले ८, म्हणजे पावणेबारा घ्यावे लागतात. डब्याची स्वतःची घट धरली की बाराच्या वर. वरून कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर चारपाच पट ओढतो. ८-९ अँपिअरच्या डब्यानं हे कुठून झेलावं?

आणि तो केव्हीएचा आकडा! चार केव्हीए लिहिलेल्या डब्याच्या मागे पाहा, बरेचदा १२ अँपिअर असतात. १२ गुणिले २३० म्हणजे पावणेतीन केव्हीए. मोठ्या अक्षरावर पैसे घेता आणि खरा आकडा बारीक अक्षरात लपवता, राग येणार नाही तर काय!

लहान डबा एका झटक्यात मरत नाही, हेच वाईट. आधी रिले कट-कट वाजत राहते, तिचे पॉइंट काळे पडतात. मग ट्रान्सफॉर्मर तापून वार्निशचा करपट वास येतो. कॉम्प्रेसर उचलायच्या वेळी आउटपुट कोसळते. आतला पंखा फिरतो, बाहेरचं युनिट "घूं" करून बंद पडते, ओव्हरलोडचा स्विच थंड झाला की पुन्हा तेच. अशा प्रत्येक फेरीत कॉम्प्रेसरची वाइंडिंग भाजते. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, आणि तुम्ही गॅस भरत बसता!

भाऊ, खरेदीआधी एसीच्याच पॉइंटवर मल्टिमीटर लावा. मे महिन्यात, संध्याकाळी सात ते दहा, कूलर-मोटारी चालू असताना, चारपाच दिवस. सगळ्यात खालचा आकडा १५० आला तर १३० पासून चालणारा डबा घ्या. १७० पासूनचा घेतला तर नेमक्या उकाड्यात तो कट मारून बसेल. दीड टनाला निदान १२ अँपिअर, आणि १५० च्या आसपासच रात्र जात असेल तर १५. त्या खालच्या व्होल्टेजवर डबा पूर्ण अँपिअर देतो का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तीन मिनिटांचा टाइम डिले हवाच, नाहीतर लाइट गेली-आली की गॅसचा दाब उतरायच्या आत कॉम्प्रेसर अडतो.

आणि १२० च्या खाली जात असेल तर डब्यावर पैसे टाकू नका. आधी डीपीचा लोड कमी करायचा अर्ज द्या.