पान बाजूला सरकतं, दादा

बाळाच्या कार्डावरच्या फोटोतली खासगी माहिती कशी काढायची, हे मी माझ्या एका कार्डाचं चित्र देऊन लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:
"ताई, साध्या कार्डाचा काहून एवढा बाऊ करता? बाळाच्या मनगटावरच्या पट्ट्यावर एक पान ठेवलं की झालं. अन् तुमचं बाळ फांदीवर तरंगताना दिसते, ते पाहा आधी. लोकांना घाबरवायचं अन् मग शिकवायचं, धंदा बरा आहे."

दादा, बाळ तरंगतंय हे मान्य. दुपटं फांदीला टेकतं तिथे गडद, अरुंद सावली हवी होती. मी सगळीकडे सारखीच फिकट टाकली. चित्रात ऊन डावीकडून येतं आणि फोटोतली खिडकी उजवीकडे होती, तेही माझ्या नजरेतून सुटलं. चूक माझी आहे, दुरुस्त करते.

पण धंदा? सीताबर्डीच्या एका दुकानात मी नऊ वर्षं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका आणि बारशाची कार्डं बसवली. त्याचे पैसे घेतले, कारण ते काम होतं. इथे लिहिते त्याचा एक रुपया कुणाकडून घेतलेला नाही. चूक दाखवा, मी ऐकते. माझ्या हेतूवर बोलायचं असेल, तर आधी मी काय लिहिलंय ते पूर्ण वाचा. तुम्ही वाचलेलं नाही. वाचलं असतं तर ते पानाचं वाक्य लिहिलंच नसतं.

माझ्या भाचीचं कार्ड मीच केलं होतं. पाच बाय सात इंचाचं, मागे संत्र्याची फांदी, आंबिया बहाराची पांढरी फुलं, मध्ये दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. डाव्या मनगटावर दवाखान्याचा पट्टा होता. त्यावर बहिणीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, जन्माची तारीख आणि वेळ. मी तेव्हा अगदी तुमच्यासारखाच विचार केला आणि वर एक हिरवं पान ठेवलं. फोटोच्या कडेला पाळण्याला अडकवलेली पाटी येत होती, ती फोटो पॉवरक्लिपमध्ये, म्हणजे कोरलमधल्या चौकटीत, घालून दिसेनाशी केली. पीडीएफ काढून प्रेसला पाठवली.

प्रेसमधल्या मुलाने रंग जुळवायला ती फाइल कोरलमध्ये उघडली. पान हा वेगळा तुकडा होता, तो बाजूला सरकला. पॉवरक्लिपवर राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट कंटेंट्स' म्हटलं की अख्खा फोटो बाहेर येतो, पाटीसकट. त्याला फोटो आवडला. त्याने तो आपल्या नमुन्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बहिणीने नाव ठेवायच्या आधी कुणाला जन्मवेळ सांगितली नव्हती, आणि एका अनोळखी माणसाचा 'पत्रिका करून देतो' असा मेसेज तिला आला. बाळ तेव्हा नऊ दिवसांचं होतं. बाऊ म्हणजे काय, ते त्या रात्री तिच्या शेजारी बसून मला कळलं.

झाकणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. वर ठेवलेलं पान आणि पॉवरक्लिप फक्त झाकतात, खालचा फोटो फाइलमध्ये तसाच राहतो. पट्टा फोटोतच रंगवून बुजवायचा, म्हणजे अक्षरांच्या जागी दुपट्याचा रंग. नुसता धूसर करू नका, मोठी अक्षरं धूसर करूनही ओळखू येतात. मग फोटो, पान आणि मागचं चित्र एकत्र निवडून बिटमॅप्स मेनूतल्या 'कन्व्हर्ट टू बिटमॅप'ने ३०० डीपीआयवर सपाट करायचं. या मापाला १५०० बाय २१०० पिक्सेल येतात, छपाईला तेवढे पुरतात. मजकूर मात्र यात घ्यायचा नाही, नाहीतर बारीक अक्षरांच्या कडा छपाईत फुटतात. तो सपाट चित्रावर वेगळा राहू द्या. तो तसाही सगळ्यांनी वाचायचाच असतो, म्हणून त्यात 'आमच्याकडे लेक आली' एवढं आणि महिना पुरे.

प्रेसला ही नवी फाइलच द्यायची. मूळ थरांची फाइल घराबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि आईने मोबाइलमधला फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असेल, तर कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असल्यास दवाखान्याची जागा त्या फोटोतच नोंदलेली असते. त्यामुळे तो मूळ फोटो पुढे कुणालाच पाठवायचा नाही.

बाकी जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही.

तुमच्या घरच्या कार्डाची प्रेसला दिलेली फाइल अजून असेल, तर ती कोरलमध्ये उघडून पानावर एकदा क्लिक करा. अख्खं चित्र निवडलं गेलं आणि खालच्या पट्टीत ते 'बिटमॅप' दिसलं, तर ठीक. एकटं पान निवडलं गेलं किंवा तिथे 'ग्रुप' अथवा 'पॉवरक्लिप' दिसलं, तर आजच प्रेसला फोन करून ती फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवरून काढायला सांगा.