पितळ उघडं पडावं म्हणून

मराठीत पितळ उघडं पडलं की माणसाची अब्रू जाते. जहाजाच्या जुन्या गोल खिडकीपुढे, म्हणजे पोर्टहोलपुढे, उभा राहिलो की माझी मात्र उलटी प्रार्थना सुरू होते: देवा, आतून पितळच निघू दे! नाहीतर पिवळा मुलामा जरा खरवडला की खालून पांढरंफटक ॲल्युमिनियम डोकावतं.

विकणारा अशा वेळी ऐटीत लोहचुंबक काढतो. "बघा साहेब, चिकटत नाही!" चिकटेल कसं? ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. चुंबकाच्या हाती फक्त मुलामा दिलेलं लोखंड लागतं, बाकीचे चोर सुटतात.

त्यापेक्षा खिडकी आवळायचा एक पंखवाला नट सोडवून मागावा. कोरडा असतानाच त्याचं वजन करून ठेवायचं. मग ग्लासभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नट दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचा. तळाला टेकू द्यायचा नाही, टेकला की सगळं गणित बुडालं. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर नटाचं आकारमान. समजा, २० आले. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, म्हणून कोरड्या नटाचं वजन १७० ग्रॅमच्या आसपास हवं. ५४ भरलं तर ॲल्युमिनियम. १३० च्या घरात असेल तर जस्ताचं ओतकाम.

एवढं करून सिद्ध काय झालं? नट पितळेचा आहे! शोभेच्या खिडक्याही कधीकधी अस्सल पितळेच्या असतात आणि ही परीक्षा पहिल्या वर्गात पास होतात. म्हणून पुढचा प्रश्न: हिने लाट अडवली असती का? काचेवर तिरकं बोट धरावं. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून बोटाची दोन प्रतिबिंबं दिसतात. समुद्राची काच सेंटीमीटरभर किंवा त्याहून जाड, त्यामुळे ती चांगली लांब लांब पडतात. फोटोफ्रेमच्या काचेत एकमेकांना चिकटून बसतात. काचेच्या चौकटीत रबर बसायची खोबण हवी. ती नसेल तर पाणी आत येणार, मग ती खिडकी कसली?

झीजही खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं आवळलेला नट जिथे टेकतो तिथलंच पितळ घासलेलं असतं, आणि रंगाचे थर स्क्रूच्या खाचेत, बिजागरीच्या बेचक्यात दडून बसतात. जिथे बोटही शिरत नाही तिथेही सारखेच ओरखडे असतील, तर ते म्हातारपण कारखान्यातलं.

जहाजाचं नाव आणि साल ठळक कोरलेलं दिसलं की मी आणखी सावध होतो. आपण कुठल्या जहाजावर आहोत हे खलाशाला खिडकीवर वाचावं लागत नाही. ओतकाम करणाऱ्याचा एखादा क्रमांक मात्र चालेल.

खरी निघालीच, तर आनंद बेताने करावा. मोठी खिडकी पंधरा-वीस किलो सहज भरते, आणि घरात तिच्यासाठी राखून ठेवलेला खिळा कॅलेंडरचा असतो.