तीन आठ आणि एक पान

मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द बोलणाऱ्या माणसाचं दीड तासाचं व्याख्यान कागदावर उतरवलं की दहा हजारांच्या आसपास शब्द होतात. टाइप केलेली तेहतीस-चौतीस पानं. विषय गुलाबी बोंडअळी, जागा देवळापुढचा मंडप, आणि सरपंचांची फर्माईश एवढीच: "भाऊ, एकच पान करजा. बोर्डावर एकच पान चिकटते." एका पानात, अक्षर म्हाताऱ्यांना वाचता येईल एवढं ठेवलं तर, तीनशे शब्द मावतात. म्हणजे तीस पोती कापूस एका पोत्यात कोंबायचा, आणि वरून सरकीही फुटली नाही पाहिजे.

गावातल्या पोट्ट्याने रेकॉर्डिंग ऐकून सगळं जसंच्या तसं उतरवलेलं असतं. जसंच्या तसं म्हणजे कंसात 'खोकला' आणि 'माईक बंद पडला'सुद्धा. पहिली अडीच पानं सत्कारात जातात. ती शिसपेन्सिलीने आडवी मारावीत. शिसपेन्सिलीनेच, कारण दुसऱ्या वाचनात कळतं की हार घालता घालता पाहुण्यांनी एक कामाची गोष्ट सांगून टाकली होती. पहिल्या वाचनात फक्त दोन खुणा करायच्या. आकड्याला गोल, आणि 'जर, तर, पण, फक्त, सलग' अशा शब्दांखाली रेघ. बाकी काही अधोरेखित करू नये. सगळंच महत्त्वाचं वाटणारा माणूस चौतीस पानं पिवळी करून ठेवतो, आणि मग त्या हळदीच्या शेतातून एकही ओळ वर येत नाही.

रेघेची खूण आकड्याच्या गोलाहून मोलाची आहे. आकडा सगळ्यांनाच दिसतो. अट मात्र पान बारीक करताना पहिली पडते, कारण ती वाक्यात पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसलेली असते.

आता आठची गोष्ट. चौतीस पानांत आठ हा आकडा तीनदा येतो. नवव्या पानावर व्याख्यान देणारे साहेब म्हणतात, "पतंग पकडायचे असतील तर एकरी आठ सापळे." सोळाव्या पानावर, "एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग." आणि सव्विसाव्या पानावर, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, नुसतं "आठ, आठ, सांगितलं ना मी!" घाईत पान करणारा लिहितो, 'सापळे: 8', आणि त्या एका आठात तिघंही पुरली जातात. त्यात सहाव्या पानावर "हेक्टरी पाच सापळे" असंही आहे. वाचणाऱ्याला वाटतं साहेब चुकले. म्हणून तो पाच खोडतो, की आठ खोडतो, ते त्याच्या त्या दिवशीच्या मूडवर अवलंबून.

साहेब चुकलेले नसतात. पाच हे हेक्टरचे आणि कामही वेगळं: अळी आली का, एवढीच पाळत. पाच भागिले अडीच, म्हणजे एकरी दोन. आठ हे एकरचे, नर पतंग मोठ्या संख्येनं पकडण्यासाठी. तेच हेक्टरी वीस होतात. आमच्याकडे सातबारावर हेक्टर आणि तोंडात एकर, त्यामुळे बोलणारा दोन्हींत एका दमात फिरतो आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. कागदाला कळत नाही. म्हणून पहिला नियम असा की पानावर मोजमाप एकच ठेवायचं, आपल्याकडे एकर, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचं नाव लिहायचं. सापळे आठ, की पतंग आठ. एकट्या आकड्याला बोर्डावर सोडू नये.

सव्विसाव्या पानावरचा "आठ, आठ" कोणता, हे शोधायला प्रश्न वाचावा लागतो. प्रश्न उतरवणाऱ्याने '(अस्पष्ट)' लिहून सोडलेला असतो. अशा वेळी रेकॉर्डिंगचा तेवढाच एक मिनिटाचा तुकडा ऐकावा. तिथे मागून आवाज येतो, "साहेब, फवाराचं कई?" म्हणजे हा आठ पतंगांचा. आणि पुढच्याच वाक्यात साहेब म्हणतात, "एका रात्रीवर जाऊ नका, सलग तीन रात्री पाहा." मूळ भाषणात हे एवढं ठसठशीत नव्हतंच. प्रश्नोत्तरं मंडपातल्या पोह्यांची वेळ समजून पुष्कळ जण टाकून देतात. प्रत्यक्षात बोलणारा तिथंच अडखळायचं सोडून साफ बोलतो.

शीर्षकांवर माझा राग आहे, तो सांगून टाकतो. 'प्रस्तावना', 'अळीचा परिचय', 'व्यवस्थापन'. व्यवस्थापन या शब्दाखाली बोंडअळीही बसते आणि म्हैसही. साहेब बोलले त्या क्रमाने पान केलं की हीच शीर्षकं येतात, कारण साहेब 2017 सालच्या नुकसानीपासून सुरू झाले होते. बोर्डापुढे उभ्या असलेल्या कास्तकाराच्या वावरात मात्र ऑगस्ट चालू असतो. शीर्षक त्याच्या तोंडचा प्रश्न असावा: 'डोमकळी दिसली तर?' 'सापळे किती, कुठे?' 'फवारणी कधी?' 'डिसेंबरनंतर काय?' डोमकळी म्हणजे अळीने आतून पाकळ्या बांधून ठेवलेलं, न उमललेलं फूल. चार शीर्षकं पुरेत. पाचवं सुचलं की समजावं, चारांपैकी एकाचे दोन तुकडे झालेत.

'फवारणी कधी?' या शीर्षकाखाली चौतीस पानांतून एवढंच उरतं:

'सलग 3 रात्री, दर सापळ्यात रोज 8 पतंग आले, किंवा एकरात 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये अळी निघाली, तर.'

साहेब 'दहा टक्के' म्हणाले होते. दहा टक्के वावरात मोजता येत नाही. वीस बोंडांतली दोन मोजता येतात, आणि हा हिशेब साहेबांनीच नंतर करून दाखवला होता. त्यांनी केलेला बदल घ्यावा, आपल्या मनचा एकही आकडा घालू नये. 'अट आधी, कृती शेवटी' हा क्रमही मुद्दाम. 'फवारा' हा शब्द पहिला आला की माणूस पुढचं वाचायला थांबत नाही, पंप घ्यायला जातो.

पान झालं की व्याख्यानाला न आलेला एक जण पकडावा. आलेला चालत नाही, तो आठवणीतून रिकाम्या जागा भरतो. त्याला वाचायला देऊन एकच विचारावं, "उद्या सकाळी वावरात काय करान?" तो म्हणाला, "आठ पतंग दिसले का फवाराचं", तर 'सलग 3 रात्री' कुठेतरी ओळीच्या शेवटी जाऊन बसलंय. तो म्हणाला, "डोमकळी तोडून तशीच धुऱ्यावर टाकाची", तर 'आतल्या अळीसकट नष्ट करा' यातला शेवटचा भाग आपण जागा वाचवायला खाल्ला.

एवढं करूनही चाळीस शब्द जास्त होतात. तेव्हा अक्षर बारीक करायचा मोह होतो. तो करू नये, बोर्ड सावलीत असतो. 2017 चा इतिहास जातो. अळीचं शास्त्रीय नाव जातं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस, घेऊ नका ही ओळ मात्र राहते, कारण पुढच्या वर्षीची अळी त्या उभ्या पऱ्हाटीतच दबा धरून बसते. आणि त्याच जागेसाठी सरपंच विचारतात, "आयोजकाचं नाव कोठी टाकलं?"

नाव तळाशी टाकावं. वर दीड इंच कोरं सोडावं, तिथे पिन टोचली जाते, आणि टोचणारा शिपाई आकडे बघून टोचत नाही. कोरं सोडलं नाही तर पिन नेमकी 8 च्या वरच्या पोटात बसते, आणि गावभर सापळ्यात शून्य पतंगांवर फवारणी सुरू होते.