बिल जास्त का, ते कळवावे

चाकणच्या कंपनीकडून पैसे न येण्याची कारणं पुष्कळ असतात, पण त्यातलं सगळ्यात सभ्य कारण एका ओळीच्या मेलमधून येतं: ‘इन्व्हॉइस पीओशी जुळत नाही, कृपया खुलासा करावा.’ काय जुळत नाही, कितीने जुळत नाही, हे सांगायची पद्धत नाही. ते आपण ओळखायचं आणि खुलासाही आपणच करायचा.

आमचं भोसरीत खोक्यांचं युनिट आहे. पाच प्लायची, गिऱ्हाइकाचं नाव छापलेली खोकी. तिथे बिलिंग, डिस्पॅच आणि मालकांचा रक्तदाब या तिन्ही गोष्टी मी सांभाळते. मेल आल्यावर मी पीओ, म्हणजे त्यांची खरेदीची लेखी ऑर्डर, काढून पाहिला. २४ मेचा पीओ, ५,००० खोकी, दर ४२ रुपये, म्हणजे कर सोडून २,१०,०००. आमचं बिल ९ जूनचं, ५,१२० खोकी, दर ४३ रुपये ५० पैसे, म्हणजे २,२२,७२०. फरक १२,७२०. नगही वेगळे, दरही वेगळा. जुळलं होतं फक्त कंपनीचं नाव.

तर आधी नग. ५,००० खोकी मागवली की कुणीही मोजून ५,००० बनवत नाही. छपाईचं सेटिंग होईपर्यंत काही शीट वाया जातात, काही डाय-कटिंगला फाटतात, म्हणून शीट जास्तच लावतात. यावेळी ५,२५० लावल्या आणि ऑपरेटरचा हात असा काही बसला की वाया गेल्या फक्त १३०. एरवी मालक ज्याची आरती करतात तीच गोष्ट आता अडचण झाली. वरच्या १२० खोक्यांवर चाकणच्या कंपनीचं नाव ठळक निळ्या शाईत छापलेलं. ती दुसरं कोण घेणार? रद्दीवाला घेईल, किलोच्या भावाने. म्हणूनच या धंद्यात पीओच्या अटींमध्ये थोडं कमी-जास्त चालेल असं लिहून घेतात. आमच्या पीओत सातवी अट होती: अधिक-उणे ३ टक्के. म्हणजे १५० पर्यंत मोकळीक, आम्ही १२० वर थांबलो. त्यांच्या स्टोअरने २० खोक्यांची एक अशी २५६ बंडलं मोजून घेतली आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याचा कागद, ५,१२० चाच केला. म्हणजे माल आत, खोकी वापरात, कदाचित त्यातली काही नाशिकपर्यंत पोचलीही असतील, आणि अकाउंट्स मात्र विचारतंय, ही १२० कुठून आली?

दराचं प्रकरण थोडं नाजूक होतं. कागद महागला तेव्हा मालकांनी परचेसच्या साहेबांशी घासाघीस करून दीड रुपया वाढवून घेतला होता. साहेबांचा मेलही होता: ‘१ जूनपासून जाणाऱ्या मालाला नवा दर.’ आमचा माल गेला ९ जूनला. पण साहेबांनी सिस्टीममध्ये दर बदलला तो पुढच्या पीओंसाठी. मेमध्ये काढलेला, अर्धवट पडून असलेला पीओ ४२ वरच राहिला, कारण त्याला वेगळी अमेंडमेंट काढावी लागते आणि ती काढायला साहेबांच्या वरच्या साहेबांची सही लागते. सिस्टीमला माणसाचे मेल वाचता येत नाहीत. ती पीओ, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवते आणि तिन्ही जुळले नाहीत की बिल अडवून धरते.

अकाउंट्सच्या मॅडमना फोन केला. त्या गोड बोलतात, हीच पंचाईत. “अहो ताई, कशाला लिहीत बसता? १२,७२० ची क्रेडिट नोट द्या, बिल आजच पास करते.” म्हणजे १२० खोकी भेट द्यायची, दरवाढ सोडून द्यायची, आणि उद्या अमेंडमेंट निघालीच तर दरफरकाची डेबिट नोट काढून पुन्हा हाच खुलासा पहिल्यापासून लिहायचा.

मी नको म्हटलं. मग मालकांनी स्वतः मसुदा केला. पहिलं वाक्य: ‘वापरलेल्या वस्तूंचे पैसे देण्याची प्रथा आपल्याकडे आहे किंवा कसे, हे कळल्यास बरे होईल.’ मालक मूळचे सदाशिव पेठेतले, हे सांगायला नकोच. दुसऱ्या परिच्छेदात लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा होता, कलमासकट. मी दोन्ही परिच्छेद काढले. कायदा खराच आहे, पण पहिल्याच मेलला तो काढला की तो मेल त्यांच्या लीगलकडे जातो, आणि तिथून मेल परत आलेला मी तरी पाहिला नाही.

मी लिहिलं ते असं:

‘फरक १२,७२० रुपये, कर वेगळा. त्याचे दोन भाग.
एक, नग: १२० जास्त, जुन्या ४२ च्या दराने ५,०४०. पीओची अट ७ आणि आपला जीआरएन सोबत जोडला आहे. यासाठी नवी मंजुरी लागू नये.
दोन, दर: ५,१२० नगांवर दीड रुपया, ७,६८०. परचेसचा मेल सोबत. यासाठी पीओची अमेंडमेंट लागेल, ती परचेसने काढावी ही विनंती.
बिल बरोबर असल्याने क्रेडिट नोट दिलेली नाही.’

परचेस, स्टोअर आणि अकाउंट्स, तिघांनाही एकाच मेलमध्ये घेतलं, म्हणजे कुणाला ‘आमच्याकडे आलंच नाही’ म्हणायची सोय नको. दोन कारणं वेगळी ठेवली, कारण एकत्र लिहिली की स्टोअर दराकडे बोट दाखवतं, परचेस नगाकडे, आणि बिल मधे उन्हात उभं राहतं.

मालकांनी वाचलं आणि म्हणाले, “हिशोब चुकलाय. जास्तीची १२० खोकी नव्या दराने गेलीत, त्याचे ५,२२० होतात. दराचा फरक ५,००० वर, म्हणजे ७,५००.” बेरीज केली, तर तीही १२,७२०! आम्ही दोघेही बरोबर होतो. १२० जादा खोक्यांवरचा जादा दीड रुपया, म्हणजे १८० रुपये, मी दराच्या खात्यात टाकले होते, त्यांनी नगांच्या. हे १८० रुपये दोन्ही कारणांनी मिळून झालेले असतात, एकट्या कुणाचेच नसतात. कुठेही टाका, पण एकाच ठिकाणी टाका. मी म्हटलं, “काका, मेल गेलाय, आता असंच राहू दे.” काकांनी मान डोलावली, केबिनमध्ये गेले आणि परचेसच्या साहेबांना फोन करून आपला हिशोब नीट समजावून सांगितला.

अमेंडमेंट निघाली, आणि पैसेही ४५ दिवसांच्या आत आले. परचेसने काकांच्या फोनवरून दरफरक मंजूर केला, ७,५००. स्टोअरने माझ्या मेलवरून जादा नग मंजूर केले, ५,०४०. पेमेंटच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: ‘१८० रुपये रोखून ठेवले आहेत. कृपया खुलासा करावा.’

काका म्हणाले, “प्रश्न पैशाचा नाही,” आणि मसुदा करायला बसले.