गंजलेलं लोखंड: रंग नाही, वजन बघा

प्रतिक्रिया: "भाऊ, गंजलेली सळई घासून वापरा म्हणता? बेसाच्या आमच्या प्लॉटवर आठ महिन्यांपासून लोखंड पडलंय, अख्खा पावसाळा अंगावर घेतलाय. ते लालभडक लोखंड कॉलममध्ये घालायचं? असे सल्ले बेजबाबदार आहेत."

भाऊ, राग समजतो, पण लाल रंगावरून काहीच ठरत नाही. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजाने काँक्रीटची पकड बिघडत नाही. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याची मनाई आहे ती सुट्या गंजाला, म्हणजे हात फिरवला की भुकटी किंवा खपल्या निघतात त्याला. शिवाय चिखल, तेल आणि रंगालाही. म्हणून गंजू नये म्हणून जळकं ऑइल फासणारा ठेकेदार मला जास्त धोकादायक वाटतो.

खरा प्रश्न आहे, लोखंड किती उरलं? काळ्या मातीत रुतलेल्या, सगळ्यात वाईट दिसणाऱ्या सळईचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापा, वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. १२ मिमीची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरायला हवी, ८ मिमीची ३९५. सळयांचं मानक आयएस १७८६, त्याप्रमाणे नव्या मालाच्या एकेका नमुन्यात १२ मिमीला ६ टक्के आणि ८ मिमीला ८ टक्के तूट चालते. तूट त्याहून जास्त निघाली, तर त्या लोखंडाला नाही म्हणायचं.

मनीषनगरच्या एका अर्धवट बांधकामावर असंच केलं होतं. १२ मिमीचा तुकडा ८६१ ग्रॅम भरला, म्हणजे तूट ३ टक्के, घासून वापरला. तिथेच पडलेलं ८ मिमीचं लोखंड ३४८ ग्रॅम भरलं, जवळपास १२ टक्के तूट. ते सरळ भंगारात. पाऊस तोच, मग फरक का? गंज दोन्हींवर सारखाच खोल गेला, तरी बारीक सळईचा हिस्सा साधारण दीडपट खाल्ला जातो. इथे तूट चौपट आहे, म्हणजे ८ मिमीवर गंज जास्त खोल गेला असेल किंवा तो माल मुळातच हलका असेल. म्हणून कॉलमच्या रिंगांचं लोखंड आधी तपासायचं.

या तपासणीची एक उणीव आहे. वजन मीटरभराची सरासरी सांगतं, एकाच जागी पडलेला खोल खड्डा त्यात लपून जातो. घासल्यावर बोटाला खळगे लागले, किंवा सळईच्या अंगावरच्या आडव्या धारा झिजलेल्या दिसल्या, तर वजन बरोबर असूनही ती सळई बाजूला काढा. शंका असेल तर प्रयोगशाळेत ताण आणि वाकवण्याची चाचणी करून घ्या. तुमच्याकडचा माल किती आहे त्यावर तो खर्च परवडतो की नाही ते ठरेल.

"सिमेंटात गेल्यावर गंज थांबतो" हे मिस्त्रीचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, कारण काँक्रीटमधल्या क्षारतेमुळे लोखंडावर संरक्षक थर बसतो. पण खाल्लं गेलेलं लोखंड त्याने परत येत नाही, आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याने काँक्रीट कालवलं तर तो थरही टिकत नाही.

तुमच्या प्लॉटवर कॉलमच्या सळ्या आधीच उभ्या असतील, तर त्यांचा बुडखा बघा. फुटिंगवर पाणी साचतं तिथेच त्या सगळ्यात जास्त खाल्ल्या जातात. घासून व्हर्नियरने मापा. बारीक झाल्या असतील तर आजूबाजूचं काँक्रीट फोडून चांगल्या भागापर्यंत जावं लागेल आणि तिथून नवी सळई जुनीला किती लांबीपर्यंत चिकटून ठेवायची, म्हणजे किती लॅप देऊन जोडायची, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचं.