रिअ‍ॅक्टर २५० हर्ट्झला ट्यून करू नका

"पाचवा हार्मोनिक जास्त आहे? मग कपॅसिटर बँकेला बरोबर २५० हर्ट्झचा रिअ‍ॅक्टर लावा."

रबाळे एमआयडीसीतल्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला घातक आहे. अशी बँक पाचव्या हार्मोनिकला जवळजवळ मोकळी वाट देते, त्यामुळे बाहेरून येणारा करंटही तीच ओढते. आमच्याकडे अशाच रिअ‍ॅक्टरचं वार्निश जळून काळं पडलं होतं. शिवाय कपॅसिटर जुना होऊन क्षमता घटली की ट्यूनिंग वर सरकतं आणि ट्रान्सफॉर्मरशी होणारा रेझोनन्स नेमका २५० वर येऊ शकतो.

७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर घ्या: ५०/√०.०७, म्हणजे १८९ हर्ट्झ. मग २५० हर्ट्झला बँक इंडक्टिव्ह राहते, रेझोनन्स होत नाही. तिसरा हार्मोनिक मोठा असेल तर मात्र १४ टक्के, म्हणजे १३४ हर्ट्झ.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.